पंचेचाळीस मिनिटांची शंका

इंदापूर, जून 2024

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

आपले बारामतीचे पत्र पावले. गोदामातील कॅमेऱ्याचे प्रकरण अखेर मिटले काय, असे आपण विचारता. ते मिटले नाही, नुसते टाकून दिले गेले.

हकीकत आपणांस ठाऊकच आहे. बारामती लोकसभेच्या 7 मेच्या मतदानानंतर यंत्रे पुण्यात कोरेगाव पार्कच्या अन्न महामंडळाच्या गोदामात ठेवली होती. तेथील सीसीटीव्ही 45 मिनिटे बंद असल्याची तक्रार सुप्रिया सुळे यांनी 13 मे रोजी समाजमाध्यमावर केली, आणि विजेच्या कामासाठी केवळ पडद्याची तार काढली होती, चित्रण अखंड चालू होते, असा खुलासा निवडणूक अधिकाऱ्यांनी केला. उमेदवाराने असे विचारणे सर्वथा रास्त होते, आणि उत्तरही वेळेवर मिळाले होते. परंतु जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी पक्ष दुभंगला तेव्हा आमच्या गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही दुभंगला, आणि आता शरद पवार साहेबांच्या ग्रुपवर केवळ तक्रार फिरली, तीही दोन दिवसांत 'रात्रभर अंधार' अशी वाढून. अजितदादांच्या ग्रुपवर खुलासा आला तो उत्तर म्हणून नव्हे, तर प्रतिपक्षाची टवाळी म्हणून.

या शंकेचे निरसन करणारा दस्तऐवज मात्र दोन्ही पक्षांच्या पदरात होता. आपण तहसिलीत असताना केंद्राध्यक्ष म्हणून कितीदा तरी भरलेला तो नमुना 17-क: मतदान संपताच केंद्रात नोंदलेल्या एकूण मतांचा हिशेब, ज्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीस पावती घेऊन दिली जाते. मोजणीच्या दिवशी मोहोर शाबूत आहे काय आणि यंत्रातील बेरीज या कागदाशी जुळते काय, एवढे पाहिले की मागाहून मते घातल्याचा संशय तपासता येतो. मत कोणास पडले हे मात्र त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या, म्हणजे आपल्या सहा क्षेत्रांत मिळून 30 केंद्रांच्या, व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात, आणि ही पडताळणी अपुरी आहे असे कोणी म्हणाल्यास तो वाद करण्याजोगा आहे. तो वाद कोणी केलाच नाही. आमच्या केंद्रावरील एका प्रतिनिधीकडे मी ती प्रत मागितली, तेव्हा त्याने मोटारसायकलच्या डिकीतून, कारखान्याच्या ऊसबिलाखालून, चार घड्या पडलेला कागद काढला. त्याने तो एकदाही वाचला नव्हता, आणि मतचोरीचे संदेश मात्र इमानेइतबारे पुढे धाडले होते!

4 जूनला सुप्रियाताई दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि चोरीची भाषा त्याच सायंकाळी थांबली. उलट, त्या भाषेची थट्टा करणाऱ्यांपैकीच एक गृहस्थ टपरीवर यंत्रांविषयी साशंक मुद्रेने बोलू लागले. पुरावा काहीच बदलला नव्हता, बदलला होता तो निकाल.

विधानसभेची निवडणूक दिवाळीच्या सुमारास येईल. त्याआधी एक रविवार इकडे यावे आणि दोन्हीकडच्या पोरांना 17-क वाचावयास शिकवावे, अशी विनंती आहे. ती एका सतरंजीवर बसतील किंवा कसे, याची हमी मात्र मजकडून होत नाही. वेळ पडल्यास आपणांस तोच पाठ दोनदा द्यावा लागेल.

आपला आज्ञाधारक पुतण्या