पंधरावी आकृती

१.
पाच रुपयांची तीन नाणी. सिंहाची बाजू तीन, आकड्याची दोन. तिन्ही एकदम टाकून बेरीज करायची. सात किंवा नऊ आली तर अखंड रेघ, सहा किंवा आठ आली तर तुटक. सहा आणि नऊ या बदलत्या रेघा. असं सहा वेळा करायचं, आकृती खालून वर चढत जाते.

२.
'तिला मी आवडेन का?' हा प्रश्न यी चिंग या ग्रंथाला विचारू नये. तिच्या मनाचं उत्तर तीच देणार. मी लिहिलं, 'तिच्याशी बोलायला कसं जावं?'

३.
आठ, सहा, सात, आठ, आठ, आठ.
वर पृथ्वी, खाली पर्वत. चौसष्टांपैकी पंधरावी आकृती : छ्येन, नम्रता.

४.
ती जुन्या नाशकातल्या एका वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. फाटलेल्या कडेवर खळ अगदी पातळ लावते, पातळ कागदाची पट्टी बसवते, बोटाने आतून बाहेर दाबत नेते. वर कोरा कागद, त्यावर वजन. कुणी टेबलाशी थांबलं की हात चालूच राहतो, मान आणखी खाली जाते. कामाबद्दल विचारलं तर उत्तर देते; स्वतःबद्दल विचारलं तर उठून कपाटाकडे जाते.

५.
या आकृतीत अखंड रेघ एकच, खालून तिसरी. ग्रंथ तिला कष्ट करणारी नम्रता म्हणतो, हातातलं शेवटाला नेणारी. बाकी पाच तुटक रेघा तिच्याभोवती. कष्टाची ही रेघ कुणाची, हे मला शोधावं लागलं नाही.

६.
माझी बदलती रेघ दुसरी, तिसरीच्या लगेच खाली. तुटक रेघ अखंड रेघेच्या खाली असली की ती वरच्या रेघेला आधार देते, असं जुने टीकाकार मानतात. म्हणजे समोरून जायचं नाही, कामाच्या बाजूने जायचं.

७.
दुसऱ्या रेघेवरचा मजकूर : आवाज देणारी नम्रता, शुभ. त्यावरची जुनी टीका सांगते की हा आवाज मनाच्या मध्यातून येतो. नम्रता म्हणजे गप्प बसणं, असं समजून कित्येक जण ही आकृती चुकीची वाचतात आणि आपल्या भित्रेपणाला तिचा आधार देतात. इथे तर बोलायलाच सांगितलंय.
सहाव्या रेघेत सैन्य चालवण्याची भाषा आहे. ते सैन्य स्वतःच्याच नगरावर जातं.

८.
कोकणात देवाला कौल लावतात. फूल उजवीकडे पडलं तर होकार. तिथे निकाल मिळतो. इथे वागणूक मिळते.

९.
दुसऱ्या रेघेची जोडी पाचवीशी असते. एक अखंड आणि एक तुटक असली तर वरून प्रतिसाद आहे, असं धरतात. माझ्या आकृतीत दोन्ही तुटक. म्हणजे प्रतिसादाची हमी नाही. हे मी वहीत ठळक लिहून ठेवलं, कारण 'शुभ' शब्द दिसला की माणूस पुढचं वाचत नाही.

१०.
या आकृतीच्या सहाही रेघांत एकही अशुभ शब्द नाही. म्हणूनच ती फसवते.

११.
ग्रंथाची टीका म्हणते, पृथ्वीचा स्वभाव भरलेलं कमी करून सखल जागी ओतायचा.
ब्रह्मगिरीवर गंगाद्वाराला गोदावरी बारीक धारेने दिसते. पुढे खाली त्र्यंबकला, कुशावर्तात, आपण तिच्यात स्नान करतो.

१२.
बदलती रेघ उलटवली की खालच्या पर्वताचा वारा होतो. त्यालाच लाकूडही म्हणतात. आकृती शेहेचाळिसावी, वर चढणं : मातीतून वाढणारं झाड. लहान लहान साठवत उंच व्हावं, असा तिचा सल्ला. एका भेटीत सगळं सांगून मोकळं होण्याला तिथे जागा नाही.

१३.
बोललो. आजोबांची फाटकी पोथी घेऊन गेलो होतो.
"ही दुरुस्त होईल का?"
"कणा गेलाय. वेळ लागेल."
"लागू द्या. तुमची पट्टी कुठे लावलीय तेच कळत नाही, हे मला फार आवडतं."
तिने पान उजेडाकडे धरलं. "ही बघा, इथे आहे."
पट्टी मला तेव्हाही दिसली नाही. तसं सांगितलं. ती हसली. मी पावती घेऊन निघालो. थांबावंसं वाटलं, पण थांबलो नाही.

१४.
चौथ्या आकृतीत ग्रंथ स्वतःच बजावतो : पहिल्यांदा विचाराल तर सांगेन, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे छळणं, मग सांगत नाही. नाण्यांबाबत हे लागू आहे. लाजाळू माणसाबाबत तर त्याहून जास्त.

१५.
ही आकृती पडली तर पुन्हा नाणी टाकू नका. त्या माणसाच्या कामाबद्दल एक खरं वाक्य शोधा, ते बोला, आणि त्याला उत्तर न देण्याची मोकळीक ठेवून निघा.