आधी उसळ, मग भात

भात तेवढाच होता. पोळ्याही तेवढ्याच, आणि तूप घरी कढवलेलं तेच. ताटातला एक घासही कमी केला नव्हता, आणि जेवायला बसल्यापासून एका तासाने मोजलेली साखर आदल्या रविवारी २१४ आली होती, ती या रविवारी १५८ आली! माझा विश्वास बसेना. हात धुऊन, दुसरी पट्टी घालून पुन्हा मोजलं, तर १५४. बदललं होतं फक्त एक: काय आधी खाल्लं आणि काय नंतर. तेव्हापासून मला भेटेल त्याला हे सांगावंसं वाटतंय, म्हणून आता लिहायलाच बसले.

मला टाइप २ मधुमेह आहे, गोळी मेटफॉर्मिनची. उपाशीपोटीची साखर बरी असते, जेवणानंतरची मात्र उसळते. आजवर मिळालेला सल्ला एकच, भात कमी करा. सासर रत्नागिरीचं, त्यामुळे हा सल्ला आमच्या घरात कसा पचत असेल ते सांगायला नको. अशात एका डॉक्टर मैत्रिणीने विचारलं, "अगं, किती खातेस ते सगळेच विचारतात. तू सुरुवात कशाने करतेस?" वरण-भाताने, अर्थात. पानात पहिला वरण-भात, त्यावर लिंबू, मग पोळी-भाजी, शेवटी ताक-भात. म्हणजे जेवणाच्या सुरुवातीलाच, पोट अगदी रिकामं असताना, मऊ शिजलेला भात!

तिने मला न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल मेडिकल कॉलेजातला एक प्रयोग सांगितला. अल्पना शुक्ला आणि लुई अरोन यांच्या गटाने तो २०१५ मध्ये 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात छापला. माणसं फक्त ११, सगळ्यांना टाइप २ मधुमेह, सगळी मेटफॉर्मिनवर. एका दिवशी त्यांना आधी पाव आणि संत्र्याचा रस दिला, आणि पंधरा मिनिटांनी चिकन, सॅलड आणि वाफवलेली ब्रोकोली. आठवड्याने तीच माणसं, तेच जेवण, फक्त क्रम उलटा: आधी चिकन आणि भाज्या, पंधरा मिनिटांनी पाव आणि रस. या दुसऱ्या वेळी अर्ध्या तासाची साखर सुमारे २९ टक्क्यांनी कमी, एका तासाची ३७ टक्क्यांनी, दोन तासांची १७ टक्क्यांनी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इन्सुलिनही कमी लागलं. शरीराने जास्त जोर लावून साखर खाली ओढली, असं झालंच नाही. साखर मुळात तेवढी चढलीच नाही.

पण चिकन आणि पाव हे आपलं जेवण नव्हे, असं मला वाटत होतं. तेवढ्यात तिने जपानचा प्रयोग सांगितला, आणि मी उडालेच. ओसाकातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अगदी आमच्या कोकणातला प्रश्न तपासला होता: भाताआधी मासा खाल्ला तर काय होतं? मासा किंवा मांस आधी, पंधरा मिनिटांनी भात. साखरेची चढण दोन्ही वेळा कमी झाली. त्यांनी श्वासाच्या चाचणीने भात पोटातून किती वेगाने पुढे सरकतो तेही मोजलं, आणि तो वेग स्पष्ट मंदावलेला दिसला.

सगळी किल्ली इथे आहे. भात पोटात गेला म्हणून साखर चढत नाही, तो पोटातून लहान आतड्यात उतरला की चढते. जठराच्या खालच्या टोकाला एक झडप असते, ती अन्न थोडं थोडं पुढे सोडते. नुसता मऊ भात भराभर उतरतो, आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं आणि ते एकदम रक्तात येतं. पण आधी प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि चोथा आतड्यापर्यंत पोचलेले असतील, तर आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते जठराला म्हणतं, सावकाश. आणि स्वादुपिंडाला आधीच वर्दी देतं की साखर येतेय, इन्सुलिन तयार ठेव. धरणाचे दरवाजे एकदम उघडण्याऐवजी इंचाइंचाने उघडावेत तसं. हल्ली ज्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांची सगळीकडे चर्चा आहे, ते औषध याच जीएलपी-१ ची नक्कल करतं. औषधाचा जोर अर्थातच कितीतरी जास्त आणि टिकणारा. पण ते संप्रेरक वाटीभर उसळीने माझ्याच आतड्यात जागं होतं, हे कळल्यावर मी उसळीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले!

आता आमच्या ताटात हे बसवायचं कसं? इथेच खरी मजा आणि खरी अडचण. आपण भाजी पोळीने खातो. पोळीचा तुकडा हाच आपला चमचा. वरण भातात कालवलेलं. म्हणजे भाजी आणि पिष्ट तोंडात एकत्रच जातात, आधी-नंतर असं काही उरतच नाही. सासूबाई म्हणाल्या, "नुसती भाजी कशी खायची गं? तिखटजाळ लागेल." त्यांचं बरोबर होतं. पोळीबरोबर खायची भाजी नुसती खाल्ली तर खारट आणि तिखट लागते. म्हणून मी आता भाजीत मीठ-तिखट जरा हात राखून घालते, आणि सुरुवातीला वाटी-चमचा देते.

त्या रविवारी मी असं केलं. आधी मोठी वाटी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, दाण्याचं कूट आणि दही घालून. मग वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर फरसबीची भाजी, चमच्याने, चावून चावून. एक उकडलेलं अंडं. मग मी उठले आणि बाकीच्यांसाठी गरम पोळ्या लाटल्या. पंधरा मिनिटं अशीच निघाली. त्यानंतर माझ्या दोन पोळ्या आणि मुदीचा वरण-भात तूप घालून. आदल्या रविवारी हेच सगळं खाल्लं होतं, अंड्यासकट, फक्त वरण-भाताने सुरुवात केली होती. तेव्हा जेवणाआधी ११२ होती, तासाने २१४, दोन तासांनी १७१. उलट्या क्रमाने: आधी १०९, तासाने १५८, दोन तासांनी १४९.

पहिल्या वाटीत काय घालायचं, यावर बरंच अवलंबून आहे. बटाट्याची भाजी इथे चालत नाही, ती भाताचीच बहीण. सुरणही तसंच. फरसबी, गवार, दोडका, पालेभाजी, कोबी, वांगं ही खरी कामाची. मटकी-मूग-चवळीत प्रथिनं आहेत, पण पिष्टही आहे, म्हणून उसळ म्हणजे चिकन नव्हे. तरी त्यातलं पिष्ट भातापेक्षा सावकाश पचतं आणि चोथा भरपूर असतो. मला उसळीच्या जोडीला अंडं किंवा पनीर घेतल्यावर फरक जास्त ठळक दिसला. मासे खाणाऱ्यांचं तर काय, तळलेला बांगडा आधी संपवायचा आणि मग आमटी-भात. त्याला रव्याचा जाड थर मात्र नको, नाहीतर पिष्टच आधी गेलं!

मोजताना एक बारकावा मैत्रिणीने शिकवला, तो फार मोलाचा आहे. घड्याळ पहिल्या घासापासून लावलं, तर दुसऱ्या पद्धतीत भात पंधरा-वीस मिनिटं उशिरा पोटात गेलेला असतो. मग एका तासाचा आकडा थोडा फुकटच कमी दिसतो, कारण भाताला चढायला वेळच कमी मिळाला. म्हणून शेवटी अडीच तासांनीही मोजायचं. माझी तेव्हा १३८ होती, म्हणजे चढण नुसती पुढे ढकलली गेली नव्हती, खरोखरच बुटकी झाली होती. दुसरं, बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर ग्लुकोमीटर भलताच आकडा दाखवतो, त्यामुळे हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. आणि घरच्या यंत्रात दहा-पंधरा टक्क्यांची चूक धरूनच चालायचं. दहा आकड्यांचा फरक म्हणजे काहीच नाही, पन्नासचा म्हणजे काहीतरी. जेवणानंतर एका दिवशी चाललात आणि दुसऱ्या दिवशी पडून राहिलात, तर तुलना बाद.

ज्यांना जेवणाआधीचं इन्सुलिन आहे किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय क्रम उलटू नये. इन्सुलिनचा जोर आधी येईल आणि भाताची साखर नंतर, मधल्या वेळात घाम, थरथर, साखर खाली. जुन्या मधुमेहात काहींचं जठर आधीच संथ झालेलं असतं. थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटत असेल, मळमळत असेल, तर आणखी संथ करून उपयोग नाही. आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिनं किती घ्यायची ते विचारूनच ठरवावं. भाताचं पिष्ट तर नाहीसं होत नाहीच. तीन मुदी भात खाल्ला, तर आधीची उसळ त्याला पुरी पडणार नाही. मला क्रमाने माझा नेहमीचा भात परत मिळाला, जास्तीचा नाही.

आता डोकं सारखं पुढच्या प्रश्नांकडे धावतंय. खिचडीचं काय करायचं, तिथे डाळ-तांदूळ वेगळे करताच येत नाहीत? मी आधी वाटीभर कोशिंबीर आणि जाड ताक घेऊन बघतेय. आणि पोहे! सकाळी पोट सगळ्यात रिकामं, आणि वर पोहे-चहा. सध्या पोह्यांआधी वाफवलेले मोड आलेले मूग लिंबू पिळून खाते, वर एक अंडं, मग दहा मिनिटांनी पोहे. आकडे रविवारइतके देखणे नाहीत, पण नुसत्या पोह्यांपेक्षा नक्कीच बरे आहेत. उद्या मुगांऐवजी पनीर घेऊन बघणार आहे.