गुटीचे वेढे

२०१९ च्या थंडीत मी खुटबावला आत्याकडे गेलो होतो. तिचा सात महिन्यांचा नातू सर्दीने बेजार होता. डॉक्टरांनी दिलेले पातळ औषध सुनेने संध्याकाळी पाजले. रात्री पोर किरकिरले, तेव्हा आत्याने गुटीत जायफळाचे दोनाऐवजी पाच वेढे उगाळून चाटवले. पहाटे पोर दुधाला उठेना. हलवले तरी डोळे जेमतेम किलकिले होत.

दवाखान्यात विचारले, “आणखी काय दिलंत?”

“काही नाही हो,” आत्या म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. गुटी तिच्या लेखी औषधच नव्हती! मी सहाणेची हकिकत सांगितली, तेव्हा उलगडा झाला. सर्दीच्या औषधातले क्लोरफेनिरामिन गुंगी आणते, जायफळही आणते. दोहोंची बेरीज त्या जिवाला झेपली नाही. शिवाय वेढ्याला माप कसले? हात दाबून फिरला की पाचाचे दहा होतात.

दिवसभर नजरेखाली ठेवल्यावर संध्याकाळी पोर हसले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिन मिश्रणाच्या बाटलीवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापायला लावला. सहाणेवर कोण छापणार? आत्या आता दवाखान्यात जाताना गुटीची डबीही पिशवीत टाकते.