तळाची ओळ

माझ्या कामातली जी एक सवय लोक चांगली म्हणतात, ती माझी नाही. ती मला एका बाईंनी लावली. आरोग्य विषयावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी नुकता लागलो होतो आणि त्या तिथे वरिष्ठ होत्या. उमेदीची बरीच वर्षं त्यांनी पाहणीच्या कामात गावोगाव फिरून मुलाखती तपासण्यात घालवली होती. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो.

माझ्याकडे पहिलं काम आलं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीचं, म्हणजे 2005-06 च्या आकडेवारीचं. महाराष्ट्रात किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, हे काढून एक टिपण तयार करायचं होतं. मी एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावली. शहरी सरासरी आली, ग्रामीण सरासरी आली आणि तळाच्या ओळीत एकूण सरासरी आपोआप आली. दहा मिनिटांत काम झालं म्हणून मला समाधान वाटलं. फाइलमध्ये `v005` नावाचा एक रकाना होता. त्यात सहा-सात अंकी आकडे होते. तो कुठला तरी ओळखक्रमांक असावा असं समजून मी तो लपवून ठेवला होता. कोणाला विचारावं, असंही मला वाटलं नाही.

ग्रामीण भागातल्या कामाला पुढे किती पैसे लागतील, हे त्या टिपणावरून ठरायचं होतं. बाईंनी टेबल पाहिली आणि एवढंच विचारलं, "वेट लावलंस का रे?"

मला प्रश्नच कळला नाही. पाहणीच्या छापील अहवालात महाराष्ट्राचा आकडा 65 टक्क्यांच्या आसपास होता. माझा त्याहून कितीतरी वर गेला होता, आणि अहवाल उघडून पाहण्याचीही तसदी मी घेतली नव्हती. बाई रागावल्या नाहीत. वही ओढून घेतली आणि समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकडे मांडले.

समज, 1000 मुलाखती झाल्या. 600 शहरातल्या, 400 खेड्यातल्या. शहरात 85 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, खेड्यात 50 टक्के. म्हणजे शहरातली 510 आणि खेड्यातली 200, मिळून 710. सरासरी 71 टक्के. माझ्या टेबलने नेमकं हेच केलं होतं. पण 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची शहरी लोकसंख्या सुमारे 42 टक्के होती, 60 नव्हे. म्हणून शहरातल्या प्रत्येक उत्तराचा भार 42 भागिले 60, म्हणजे 0.7. खेड्यातल्या प्रत्येक उत्तराचा भार 58 भागिले 40, म्हणजे 1.45. आता 510 ला 0.7 ने गुणलं की 357 येतात आणि 200 ला 1.45 ने गुणलं की 290. बेरीज 647. भारांची बेरीज 420 अधिक 580, म्हणजे पुन्हा 1000 च. खरी सरासरी 64.7 टक्के.

"मग 85 आणि 50 ची सरासरी काढली तर?" मी विचारलं. ती 67.5 येते, त्या म्हणाल्या, आणि तीही चूकच. कारण तिच्यात शहर आणि खेडं निम्मं-निम्मं धरलं जातं.

मी लपवलेला रकाना म्हणजे हाच भार होता. त्यात दशांशचिन्ह नसतं, म्हणून आकड्याला 1000000 ने भागावं लागतं. 1450000 लिहिलं असेल तर तो 1.45 वाचायचा.

शहरातल्या मुलाखती इतक्या जास्त का, हेही बाईंनी सांगितलं. त्या फेरीत देशातल्या आठ शहरांत झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी यांचे वेगवेगळे आकडे हवे होते. त्यांतली मुंबई आणि नागपूर ही दोन महाराष्ट्रातली. वेगळा आकडा द्यायचा तर पुरेशा मुलाखती लागतात, म्हणून तिथला नमुना मुद्दाम मोठा घेतला होता. पाहणी करणाऱ्यांनी तो मोठा घेतला आणि सोबत भारही दिला. दोष त्यांचा नव्हता. दिलेला भार मी वापरला नव्हता.

मी टेबल पुन्हा केली. प्रत्येक उत्तर गुणिले त्याचा भार, त्यांची बेरीज भागिले भारांची बेरीज. ग्रामीण ओळ जवळपास होती तिथेच राहिली, शहरी ओळ जराशी हलली आणि तळाची ओळ खाली आली. त्यावरून मी एक नियम मनाशी धरला: गटाची सरासरी भाराशिवायही बरोबर येते, बिघडते ती फक्त एकूण. शहरी ओळ तरी का हलली, हे मी स्वतःला विचारलं नाही.

तो नियम पुढच्याच वर्षी मला नडला. नागपूरवर टिपण करायचं होतं. एकच शहर, म्हणजे एकच गट, असं धरून मी साधी सरासरी दिली. बाईंनी या वेळी वही घेतली नाही. "नागपूरच्या आत काय आहे?" एवढंच म्हणाल्या. आत झोपडपट्टी आणि बाकीचं शहर यांच्या मुलाखती साधारण सारख्या संख्येने घेतल्या होत्या. 2001 च्या जनगणनेनुसार मात्र नागपुरातले सुमारे 36 टक्के लोकच झोपडपट्टीत राहत होते. माझ्या आकड्यात झोपडपट्टीचं पारडं जड झालं होतं. आदल्या वर्षी शहरी ओळ का हलली, त्याचं उत्तरही इथेच होतं: तिच्यात मुंबई आणि नागपूर इतर लहान शहरांना झाकून टाकत होती. गटाची सरासरी भाराशिवाय बरोबर येते ती गटातल्या सगळ्यांचे भार जवळपास सारखे असतील तेव्हाच, आणि ते रकाना उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तपासायची रीतही त्यांनीच शिकवली. प्रत्येक गटाचा वाटा दोनदा काढायचा, एकदा नुसत्या ओळी मोजून आणि एकदा भारांची बेरीज करून. दोन्ही वाट्यांत मोठी तफावत असेल, तर भाराशिवायची एकूण सरासरी मोठ्या नमुन्याच्या गटाकडे झुकलेली असते. भारांचा वाटा जनगणनेच्या जवळ आहे की नाही, हेही पाहायचं.

मी भारावर फार विसंबायला लागलो, तेव्हाही त्यांनीच सावध केलं. भाराने 400 मुलाखतींच्या 580 होत नाहीत. माहिती 400 जणींचीच राहते. म्हणून टक्का भाराने काढायचा, पण त्याच्या शेजारी मुलाखतींची खरी संख्या लिहायची. पाहणीच्या अहवालातही 25 ते 49 प्रत्यक्ष नोंदींवरचा टक्का कंसात असतो आणि 25 हून कमी असतील तर तो छापतच नाहीत.

पहिल्या टिपणाचा विचार आला की अजूनही अस्वस्थ होतो. ज्या खेड्यातल्या बाईचं उत्तर 1.45 धरायला हवं होतं, ते मी 1 धरलं होतं. ते टिपण तसंच गेलं असतं, तर गावांची गरज कागदावर कमी दिसली असती. ते थांबलं ते बाईंच्या एका प्रश्नामुळे.

आज मी केलेल्या प्रत्येक टेबलखाली दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: प्रत्यक्ष मुलाखती किती, आणि भार कोणता लावला. त्या दोन्ही बाईंच्या आहेत.