वर्गफोटोखालचा मजकूर

शाळेच्या स्नेहमेळाव्याचे निमंत्रण हल्ली व्हॉट्सॲपवर, जुन्या वर्गफोटोखालच्या आठ-दहा ओळींतून जाते. या ओळींना सगळे ‘कॅप्शन’ म्हणतात. प्रत्यक्षात पत्रिका, वर्गणीची मागणी आणि नोंदणीची रीत हे सारे त्यातच बसवायचे असते. तालुक्याच्या गावातील एका शाळेच्या १९९८-९९ च्या दहावीसाठी असा मजकूर लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले आणि तो तीनदा बदलावा लागला.

पहिल्या मसुद्यात ‘१९९९ साली दहावी उत्तीर्ण झालेल्या’ सर्वांना निमंत्रण होते. दोन तुकड्यांच्या पटावर ८४ नावे होती. त्यांतले काही त्या मार्चमध्ये नापास झाले होते आणि काहीजण तर त्याआधीच शाळा सोडून कामाला लागले होते. आठवीत शाळा सुटलेल्या एका मित्राने मजकूर वाचून फोन केला, “हे आमच्यासाठी नाही ना रे?” पंचवीस वर्षांनी एका शब्दाने त्याला पुन्हा वर्गाबाहेर उभे केले होते. ‘उत्तीर्ण’ त्याच दिवशी निघाला.

तारखेचा घोळ मोठा झाला. सासरी गेलेल्या मैत्रिणी दिवाळीत माहेरी येतात, म्हणून आधी दिवाळीचा विचार होता. पण २०२४ ची भाऊबीज रविवारीच, ३ नोव्हेंबरला आली आणि त्या दिवशी घरातून कोण निघणार? मग १७ नोव्हेंबर ठरला. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला. शाळा मतदान केंद्र, शिक्षक निवडणुकीच्या कामात. शेवटी रविवार, २९ डिसेंबर नक्की झाला. जुना मजकूर मात्र गटागटांतून फिरतच राहिला. पुष्कळ जण फक्त फोटो पुढे पाठवतात, खालच्या ओळी गळतात. त्यामुळे नवी तारीख फोटोवरच ठळक छापली आणि मजकुरातही पहिल्याच ओळीत घेतली, कारण लांब मजकूर अर्धाच दिसतो.

वर्गणीचा हिशेब असा होता. मंडप, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक ११,००० रुपये, छायाचित्रे ५,०००, आठ गुरुजनांचा सत्कार व जेवण ६,४००, फलक व किरकोळ १,६००. हा २४,००० चा खर्च माणसे किती आली तरी तेवढाच. नाश्ता-जेवण माणशी ३००. साठजण आले तर वाट्याला ७०० येतात, ४८ आले तर ८००. ‘येतो, येतो’ म्हणणारे साठ होते, पण भरवशाचे ४८, म्हणून वर्गणी ८०० धरली. ‘स्वेच्छेने द्यावे’ अशीही सूचना होती. ती घेतली नाही, कारण आकडा नसला की लोक संकोचाने एकमेकांना विचारत बसतात आणि पैसे कोणीच पाठवत नाही.

नोंदणीतली अडचण वेगळीच निघाली. पैसे यूपीआयने आले ते नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा दुकानाच्या नावाने. आणि लग्नानंतरचे नाव पटावर सापडेना. पहिल्या आठवड्यात खजिनदाराकडे सात रकमा बेवारशी पडून होत्या. त्यावर उपाय म्हणून आधी पैसे, मग फॉर्म असा क्रम लावला आणि फॉर्ममध्ये शाळेतले नाव व व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक मागितले. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी रोख रकमेची सोय ठेवली.

शेवटी गेलेला मजकूर असा:

“बदललेली तारीख: रविवार, २९ डिसेंबर २०२४, सकाळी ९ वाजता, आपल्याच शाळेत. १९९८-९९ च्या दहावीचा स्नेहमेळावा. पाचवी ते दहावी, एक वर्ष जरी आपल्या वर्गात बसला असशील तर तू आमचाच. वर्गणी माणशी ८०० रुपये (नाश्ता, जेवण, गुरुजनांचा सत्कार). १) खजिनदाराच्या क्रमांकावर पैसे पाठव. २) फॉर्ममध्ये शाळेतले नाव, आताचे नाव, तुकडी आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक भर. ३) दोन दिवसांत ‘नोंद झाली’ असा निरोप आला नाही तर फोन कर. रोख द्यायचे असतील तर गावातल्या प्रतिनिधीकडे दे, पावती घे. शेवटची मुदत १५ डिसेंबर. त्यानंतर आचाऱ्याला आकडा द्यायचा आहे.”

‘तू’ हे एकवचन काहींना खटकले. ‘आपण’ लिहिले तर सरकारी पत्र वाटते, असे बहुमत पडले.

मुदतीपर्यंत ५३ नोंदी झाल्या. जमा ४२,४००, खर्च ३९,९००. उरलेले २,५०० रुपये शाळेच्या वाचनालयाला दिले. भाजीचा गाळा चालवणाऱ्या मित्राने पैसे रोख भरले आणि फॉर्ममधल्या ‘तुकडी’ या रकान्यात प्रतिनिधीकडून लिहून घेतले: ‘आठवी ब पर्यंत’.