दंडाची आतली बाजू

सांवेर रोडवर संध्याकाळ धुळीतून येते. पाळी सुटते, फाटकं उघडतात, रिकाम्या डब्यांचा खळखळाट आणि मोटरसायकलींचा धूर एकमेकांत मिसळतो, कुठल्याशा शेडमधून तळणीचा वास येतो, कुठून तापलेल्या प्लास्टिकचा, आणि इंदूरच्या या उत्तर टोकावरचं आकाश थोडा वेळ तांबूस, मग जांभळट, मग राखी होत जातं. या वेळी माझ्याकडे येणाऱ्यांत ताप असतो, खोकला असतो, मशीनमध्ये अडकलेलं बोट असतं. आणि कधीकधी एक बाई असते, जिचा पदर दोन्ही दंडांवरून गच्च लपेटलेला असतो.

तिच्याबरोबर सासू असते. सासूच सांगते, "जीने से गिर गई."

इथे जिची हकीकत सांगते आहे ती कुणी एकच बाई नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून अनेकींच्या नोंदींतून तिला मी जुळवली आहे. जखमा मात्र खऱ्या आहेत. त्या अशाच दिसतात आणि अशाच ठिकाणी दिसतात.

सासूला मी पर्ची बनवायला काउंटरवर पाठवते. दार लोटलं जातं. नर्सताई पडदा ओढतात, आणि खोलीत एक वेगळीच शांतता उतरते, जिच्यात आधी फक्त पंख्याचा आवाज असतो. त्या शांततेत घाई करून चालत नाही. "घरात कुणी मारतं का?" एवढंच मी विचारते, आवाज न बदलता, भूक लागते का विचारावं तसं. ती जमिनीकडे बघते. मग म्हणते, "उन्होंने पाइप से मारा. फिर गला दबाया. कल रात को."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते. तिच्या हिंदीत, अवतरणचिन्हांत, "उन्होंने"सकट. त्याचं नीटनेटकं इंग्रजी करत नाही, "घरगुती वाद" असं गुळगुळीत नाव देत नाही. कोणी मारलं, कशाने, कुठे, केव्हा आणि आधी कधी झालं होतं का, हे सगळं तिच्याच शब्दांत उतरतं. आधी सांगितलेला जिनाही लिहिते, आणि ते कोणी, कोणासमोर सांगितलं होतं तेही. दोन हकीकती शेजारी शेजारी राहू द्याव्यात. त्यांच्यामधल्या फटीतून पुष्कळ काही दिसतं.

मग पदर सुटतो.

तिला मी खिडकीशी नेते, कारण ट्यूबलाइटच्या झाकेत पिवळा रंग फसवतो आणि मला आता रंगच वाचायचे असतात. शरीर फार हळू बोलतं, पण नेमकं बोलतं. डाव्या हाताच्या कोपरापासून सहा सेंटिमीटर खाली, करंगळीच्या बाजूच्या कडेवर, दोन समांतर लालसर रेघा आहेत, नऊ सेंटिमीटर लांब, आणि त्यांच्यामधली पट्टी फिकी, जवळजवळ अस्पर्श. गोल दांडा जोरात बसला की त्याच्याखालची कातडी दाबली जाते आणि रक्त दोन्ही कडांना फुटतं. म्हणून मधला भाग कोरा राहतो. पाइपने आपली सावली तिथे सोडली आहे. आणि जागा अशी, की डोक्यावर येणारा वार अडवायला हात वर केला तर नेमकी हीच कड पुढे येते.

उजव्या दंडाच्या आतल्या बाजूला, काखेखालच्या मऊ, गोऱ्या, कधी ऊन न पाहिलेल्या कातडीवर, एका ओळीत चार निळे ठिपके, एक ते दीड सेंटिमीटरचे. बाहेरच्या बाजूला एकच. चार बोटं आणि एक अंगठा.

जिन्यावरून पडणारं माणूस कपाळावर, नाकावर, कोपरावर, गुडघ्यावर पडतं, जिथे हाड कातडीच्या जवळ असतं. दंडाची आतली बाजू, कानामागची खाच, गळा, पोट या लपलेल्या जागा पायरीला सहसा सापडत नाहीत. त्या हाताला सापडतात.

मी मोजते. फूटपट्टी थंड लागते म्हणून ती थोडी शहारते. पुढून आणि मागून काढलेल्या माणसाच्या आकृतीवर प्रत्येक जखमेची जागा खुणावते, तिला क्रमांक देते, आणि पुढे लिहिते: जागा, आकार, लांबी-रुंदी, रंग, सूज, दुखतं का. हे कंटाळवाणं वाटेल. पण मी असे कागदही पाहिलेत ज्यांवर फक्त "अंगावर अनेक ठिकाणी मुका मार, औषध दिले" एवढंच असतं. त्या एका ओळीत बाईची अख्खी रात्र बुडून जाते, आणि पुढे कोणत्याही वकिलाला ती वर काढता येत नाही.

पाठीवर, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, आणखी एक डाग आहे. मधे तपकिरी, कडेला हिरवट, पिवळा. हा कालचा वाटत नाही. मार लागल्यावर सांडलेलं रक्त कातडीखाली विघटित होत जातं, आणि लाल, निळा, तपकिरी, हिरवा, पिवळा असे रंग बदलत दोनेक आठवड्यांत विरतं. पाठ्यपुस्तकांत या रंगांसमोर दिवस लिहिलेले असतात, आणि तरुण डॉक्टर मोहात पडून "सहा दिवसांपूर्वीची जखम" असं ठोकून देतात. तो मोह आवरावा लागतो. गोऱ्या-सावळ्या कातडीवर, जाड-बारीक अंगावर, खोल-उथळ माराप्रमाणे हे वेळापत्रक पार बदलतं. बऱ्यापैकी खात्रीने इतकंच म्हणता येतं की पिवळा रंग साधारण अठरा तासांच्या आत दिसत नाही. म्हणून मी रंग लिहिते, दिवस लिहीत नाही. "इतर जखमांपेक्षा वेगळ्या रंगाची, जुनी असू शकते" इथे माझं पेन थांबतं. कागदावर थोडंसं जास्त लिहिलेलं एक वाक्य उलटतपासणीत खोटं ठरलं, तर शेजारची दहा खरी वाक्यंही ते आपल्याबरोबर ओढून नेतं.

आता गळा.

गळ्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते, कारण तिथे बरेचदा काहीच दिसत नाही. तिच्या मानेच्या डाव्या बाजूला नखाची एक चंद्रकोर आहे, सेंटिमीटरभराचीही नाही, आणि मानेमागे एक बारीक आडवी खरचट, मंगळसूत्र ओढल्याची. बस, एवढंच. पण आवाज घोगरा आहे. थुंकी गिळताना ती डोळे मिटते. खालची पापणी ओढून पाहते तर आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटलेले. मी विचारते, डोळ्यांपुढे अंधार आला होता का? कपड्यात लघवी झाली होती का? दुसऱ्या प्रश्नाला ती फार वेळ गप्प राहते, मग होकारार्थी मान हलवते. ती शरम नव्हे, मेंदूचा श्वास काही क्षण तुटल्याची खूण असू शकते. हे मी तिला सांगते आणि लिहिते. गळ्यात आतून सूज उशिराही येऊ शकते, म्हणून तिला घरी धाडायचं नाही, देखरेखीखाली ठेवायचं. आणि बाहेर खूण नसेल तर "बाहेरून जखम दिसत नाही" असं लिहायचं. "गळा दाबलेला नाही" असं नाही. या दोन वाक्यांमध्ये एका बाईचा जीव मावतो.

फोटो तिला विचारूनच काढायचे. आधी चेहऱ्यासकट लांबून, मग जखमेसह पूर्ण हात, मग पट्टी ठेवून जवळून. मुका मार पहिल्या दिवशी लाजाळू असतो, एक-दोन दिवसांनी तो वर येतो, म्हणून तिला पुन्हा बोलावायचं आणि नवी नोंद नव्या तारखेने करायची. चूक झाली तर एक सरळ रेघ मारून सही आणि वेळ घालायची. पांढरा रंग फासायचा नाही.

हाताचा एक्स-रे येईपर्यंत जखम साधी की गंभीर, हे मत राखून ठेवलेलं बरं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा करंगळीच्या बाजूच्या हाडात केसाएवढी तिरकी फट दिसली. मघाची ती दोन रेघांमधली कोरी पट्टी, तिच्या बरोबर खाली. हाड मोडलं की कायद्याच्या लेखी ती गंभीर दुखापत ठरते, आणि त्या एका केसाच्या फटीने गुन्ह्याचं कलम बदलतं.

पोलिसांना कळवण्याबद्दल मी तिच्याशी बोलते. ती म्हणते, "अभी नहीं." तिला आज जबाब द्यायचा नाही. तेही तिच्या शब्दांत लिहून तिची सही घेते. जबाब नाही म्हणून तपासणी नाही किंवा नोंद नाही, असं होत नाही. मन सावरायला महिने लागतात. निळ्या रंगाला महिने मिळत नाहीत.

दोन हजारच्या सुमारास मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून "दिलासा" सुरू केलं, तेव्हा अपघात विभागाच्या दारातच अशा बाईला ओळखायला, तिचं ऐकायला आणि लिहून ठेवायला माणसं बसली. मग 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, आणि त्याच्या नियमांत रुग्णालयांचंही काम लिहिलं गेलं. बाईने आधी कुठे तक्रार केली नसली तरी तिला उपचार नाकारायचे नाहीत. घटनेचा अहवाल, म्हणजे नमुना क्रमांक 1, तयार झाला नसेल तर तो रुग्णालयाने भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. त्या कागदाच्या आधारे दंडाधिकारी नवऱ्याला मारहाणीपासून रोखणारा आदेश देऊ शकतात, तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देऊ शकतात, आणि निकड असेल तर समोरच्याचं ऐकून घेण्याआधीही अंतरिम आदेश काढू शकतात.

फौजदारी खटला चालला तर बोलावणं फार उशिरा येतं. कोर्टात उभी राहते तेव्हा तो चेहरा मला आठवत नसतो, हे मी लपवत नाही. हातात फक्त तो कागद असतो, आणि समोरचे वकील अगदी सौम्यपणे विचारतात, "डॉक्टरसाहेबा, पडल्यानेही असं होऊ शकतं ना?" मी क्रमांक दोनची जखम वाचते. दंडाची आतली बाजू, ओळीने चार, समोर एक. कोणी मारलं हे मी सांगू शकत नाही, मी तिथे नव्हते. पण तिने त्या संध्याकाळी जे सांगितलं त्याच्याशी या जखमा जुळतात, आणि जिन्याशी जुळत नाहीत. एवढंच मला म्हणता येतं, आणि लिहिलेलं असेल तरच म्हणता येतं.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला दोन गोष्टी सांगा. त्या तपासणी अहवालाची प्रत देणं रुग्णालयाला कायद्याने बंधनकारक आहे आणि तिचा एक रुपयाही लागत नाही, तेव्हा ती मागून घ्यावी. आणि ती प्रत सासरच्या कपाटात ठेवू नये. माहेरी, मावशीकडे, विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवावी. कुठे जायचं कळत नसेल तर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे.