सावलीची साक्ष

फोटोतले झाड संगणकावर उपटणे फारसे कठीण नाही. कठीण असते ते त्याची सावली उपटणे! गॅलरीतल्या सुकलेल्या क्रोटनच्या जागी तुळस हवी, असा वहिनींचा हुकूम सुटला, तेव्हा मी आधी भिंतीकडे वळलो. नाजूक तुळशीमागे क्रोटनच्या रुंद पानांची सावली कशी शोभावी?

शेजारच्या मोकळ्या भिंतीचा तुकडा घेऊन ती जुनी सावली झाकली. मग तुळशीचीच आकृती गडद करून वेगळ्या थरावर ठेवली. कठड्याचे टोक आणि त्याची सावली जोडणारी रेषा उन्हाची दिशा सांगत होती. तिकडेच आकृती कलवली. रंगही कठड्याच्या सावलीचा घेतला. उन्हातली सावली निखळ काळी नसते. आकाशाची निळाई तिच्यात उतरते.

सूर्य ठिपका नव्हे, तबकडी आहे. म्हणून भिंतीपासून १ मीटर दूर असलेल्या पानाच्या सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर विरते. भिंतीलगतच्या पानाची रेखीव राहते. धूसरपणा त्याच बेताने दिला.

तरी तुळस अधांतरीच! खोडाच्या बुडाशी बारीक गडद छाया दिली, कुंडीतल्या मूळच्या मातीचे चार कण खोडावरून पुढे ओढले, तेव्हा कुठे ती रुजली.

एक पथ्य मात्र आधीच पाळले होते. तुळशीचा फोटोही डावीकडून ऊन येत असतानाच काढला होता. पानांवरची चकाकी उजवीकडे असती, तर भिंतीवरच्या सावलीने तिची साक्ष दिली नसती.